दर ठरलाच नव्हता, काम अर्ध्यात थांबलं. आबांच्या कष्टाचे पैसे मागता येतात का?

कृष्णाकाठ

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वाईजवळच्या आमच्या गावात गवंडीकामाचे छोटे ठेके घेतात. स्वतः मुकादम, सोबत दोन गवंडी आणि तीन बिगारी. गेल्या वर्षी गावातल्याच एका गृहस्थांनी मुंबईची नोकरी संपल्यावर जुन्या घराच्या जागी नवं घर काढायचं ठरवलं. पाया खोदायला जेसीबी त्यांनी आणला, दगड आणि विटाही त्यांच्याच. जोतं, वरचं वीटकाम आणि गिलावा आबांकडे. सिमेंट आणि क्रश सँड आबांनी आणायची, पैसे नंतर.

आबांनी दोनदा दर विचारला. दोन्ही वेळा एकच उत्तर: "होऊ दे हो काम, आपण काय पळून चाललोय? मग बसू." लेखी काही नाही. मध्ये त्यांनी 90,000 रुपये दिले, तेही दोन हप्त्यांत.

41 दिवस काम चाललं. मग आबा चार दिवस आत्याच्या घरच्या लग्नाला गेले. परत आले तर दुसरा ठेकेदार परांची बांधून उभा. मालक म्हणतात, "तुम्ही काम सोडलंत. आणि दर ठरलाच नव्हता, तर देणं कसलं? 90 हजार पुष्कळ झाले."

आबांच्या हजेरी वहीत गवंड्यांचे 76 रोज आहेत, 900 रुपयांप्रमाणे 68,400. बिगाऱ्यांचे 110 रोज, 600 प्रमाणे 66,000. सिमेंटच्या 85 गोण्या 370 दराने 31,450 आणि सहा ब्रास क्रश सँड 27,000. सगळे मिळून 1,92,850. मिळालेले 90,000 वजा केले की 1,02,850 राहतात. आबांनी स्वतःची मजुरी यात धरलेलीच नाही. गवंड्या-बिगाऱ्यांचे रोज मात्र त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेत. हे मागता येतं का, एवढंच विचारायचं आहे.

चावडीवरचा

दादा, वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगतो, लेखी करार नसेल तर कोर्ट उभंही करत नाही. माझ्या चुलत्याचे असेच बुडाले. त्यापेक्षा पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, माणूस लगेच वठणीवर येतो.

अॅड. सातारकर

वरच्या दोन्ही गोष्टींशी मी असहमत आहे, आणि दुसरी तर आबांना अडचणीत आणू शकते.

फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पहिल्या दिवसापासूनच पैसे न देण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. इथे तर माणसाने मध्ये 90,000 दिले आहेत. पोलीस म्हणतील, हा दिवाणी वाद आहे, आणि ते बरोबरच असेल.

लेखी करार नसल्याबद्दल: भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 70 नेमकं अशाच जागेसाठी आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायची. इंग्लंडच्या न्यायालयांत याच्याजवळच्या तत्त्वाला क्वांटम मेरुइट म्हणतात. लॅटिन आहे, भावार्थ असा की ज्याने जितकं कमावलं तितकं त्याला. आपल्या वकिलीत दोन्ही शब्द बहुतेक वेळा एकत्रच येतात.

यावरचा मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 1961 मधला, पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल. 1944 मध्ये हुगळी जिल्ह्यात आरामबागला नागरी पुरवठा खात्यासाठी एका ठेकेदाराने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून काही बांधकामं केली. सरकारने ती वापरली, पण पैशांच्या वेळी म्हटलं की आमच्याशी करार जसा व्हायला हवा तसा झालेलाच नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, जे आपल्या साताऱ्यात जन्मले. ठेकेदाराला पैसे मिळाले. त्या निकालातला मुद्दा आबांनी लक्षात ठेवावा असा आहे: ज्याच्यासाठी काम झालं त्याला ते नाकारायची मोकळीक होती का? होती, आणि तरी त्याने ते ठेवून घेतलं, तर देणं लागतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न. काम चालू असताना मालक जागेवर येत होते का?

कृष्णाकाठ

दर रविवारी. शिवाय स्वयंपाकघराची भिंत जोत्यावर तीन फूट उठली होती, तेव्हा त्यांनी सांगितलं की ती चार फूट मागे सरकवा. ती पाडली, जोत्याचा तो भाग नव्याने बांधला. त्याबद्दलचा त्यांच्याच आवाजातला निरोप आबांच्या व्हॉट्सअॅपवर आहे.

अॅड. सातारकर

तो निरोप सोन्यासारखा जपा. पुसू नका, फोन बदलू नका, दुसऱ्या फोनवर नुसता पुढे पाठवून जुना विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं. "भिंत सरकवा" असं सांगणारा माणूस हे काम माझ्यासाठी नव्हतं असं म्हणू शकत नाही.

हजेरी वहीबद्दल मात्र सावध करतो. नेमाने लिहिलेली वही पुरावा म्हणून चालते, पण फक्त तिच्या जोरावर समोरच्यावर देणं बसत नाही. तुमचे दोन गवंडी आणि निदान एक बिगारी साक्षीला उभे राहतील का, ते आत्ताच विचारून घ्या. गवंडी माणूस पुढच्या वर्षी कुठल्या गावात असेल सांगता येत नाही.

मोजपट्टी

मी सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी आकड्यांविषयी बोलतो, कारण अशी प्रकरणं तिथेच घसरतात.

कृष्णाकाठ, तुम्ही हिशोब रोजांवर केलाय. मालक विचारेल, "तुमचे गवंडी बिडी ओढत बसले, त्याचे पैसे मी का देऊ?" आणि यात तथ्य आहे. भरपाई झालेल्या कामाच्या वाजवी किमतीची असते, घालवलेल्या दिवसांची नव्हे. तेव्हा आधी काम मोजा आणि मग रोज त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर तुमचं म्हणणं भक्कम होतं. मोजमाप देता का? दगडी काम, वीटकाम आणि गिलावा, वेगवेगळे.

कृष्णाकाठ

आबांना विचारून लिहितो. जोत्याचं दगडकाम 6 ब्रास. नऊ इंची वीटकाम 1,200 चौरस फूट. आतला गिलावा 14 ब्रास, बाहेरचा राहिला.

मोजपट्टी

नऊ इंची भिंत 1,200 चौरस फूट म्हणजे 900 घनफूट, नऊ ब्रास. आता माझ्या अनुभवातला अंदाज सांगतो, तुमच्या भागात थोडा मागेपुढे होईल. एक गवंडी दिवसाला साधारण 35 घनफूट दगडकाम करतो, म्हणजे 600 घनफुटांना 17 रोज. वीटकाम 36 घनफूट धरलं तर 25 रोज. गिलाव्याचा ब्रास 100 चौरस फुटांचा, दिवसाला तेवढाच होतो, म्हणजे 14 रोज. एकूण 56 रोज. तुमच्या वहीत 76 आहेत. मधले 20 रोज कुठे गेले?

सिमेंट मात्र छान जुळतंय. एवढ्या कामाला माझ्या हिशोबाने 80 च्या आसपास गोण्या लागतात, तुम्ही 85 आणल्यात. हा आकडा खोटा वाटणार नाही.

कृष्णाकाठ

काका, आबांनी वही काढून दाखवली. जुन्या घराची उरलेली भिंत उतरवायला चार रोज गेले. स्वयंपाकघराची भिंत पाडून ते जोतं परत बांधायला आठ. बारा झाले. राहिलेल्या आठांचं आबांनाही नीट आठवत नाही. परांची बांधणं, पाऊस, विटा वेळेवर न येणं, असं थोडं थोडं असेल म्हणतात.

मोजपट्टी

आबांचा खरेपणा आवडला. आता नीट ऐका. ते बारा रोज मागायचेच. आज जागेवर जाऊन मोजलं तर ती पाडलेली भिंत कुठेच दिसणार नाही, म्हणून मालक म्हणेल की असं काम झालंच नाही. पण ते झालं, त्याच्या सांगण्यावरून झालं, आणि आवाज तुमच्याकडे आहे.

आठ रोज सोडून द्या. त्यांच्यासोबतचे बारा बिगारी रोजही सोडा. म्हणजे 7,200 आणि 7,200, एकूण 14,400 कमी. मजुरी 1,34,400 वरून बरोबर 1,20,000 वर येते. ज्याचा पुरावा नाही ते मागितलं की ज्याचा आहे त्यावरचाही विश्वास उडतो.

उलट एक गोष्ट तुम्ही सोडली आहे. आबांनी मुकादमी केली, आखणी केली, माल उचलला, स्वतःचे पैसे गुंतवले. मजुरीवर दहा टक्के, म्हणजे 12,000, वाजवी आहे. वाईतल्या दोन-तीन ठेकेदारांकडून लेखी घ्या की अशा कामाला ते काय घेतात. म्हणजे 1,20,000, 12,000 आणि माल 58,450 मिळून 1,90,450. वजा 90,000. मागणी 1,00,450.

शासकीय दरसूची घेऊन तिच्यातले दर सरळ लावू नका. त्या दरात साहित्य, मजुरी आणि ठेकेदाराचा नफा सगळं धरलेलं असतं. विटा आणि दगड तर मालकाचे आहेत. ही चूक मी शिकलेल्या लोकांनाही करताना पाहिली आहे.

पानोपानी

माझंही असंच आहे म्हणून लिहिते. मी अनुवाद करते. एका प्रकाशकाने मालिकेतलं 220 पानांचं पुस्तक दिलं, पानाला ठरलेला दर, पैसे पूर्ण हस्तलिखित दिल्यावर. 140 पानं झाल्यावर त्यांनी मालिकाच बंद केली आणि कळवलं की हस्तलिखित पूर्ण नसल्यामुळे काही देय नाही. मलाही कलम 70 खाली मागता येईल ना?

अॅड. सातारकर

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे करार आहे, दर आहे, आणि करार समोरच्याने मोडला. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये महानगर टेलिफोन निगम विरुद्ध टाटा कम्युनिकेशन्स प्रकरणात सांगितलं आहे की दोघांमधला विषय कराराने बांधलेला असेल तर कलम 70 कडे वळता येत नाही. तुम्ही करारभंगाची नुकसानभरपाई मागावी. तुमची बाजू आबांपेक्षा सोपी आहे, दर तर ठरलेलाच आहे.

तुमचं वाचून इंग्लंडचा जुना खटला आठवला, 1831 चा, प्लांशे विरुद्ध कोलबर्न. प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकमालेसाठी प्राचीन पोशाख आणि चिलखतांवर पुस्तक लिहायला सांगितलं, 100 पौंड ठरले, आणि लेखन चालू असताना मालाच गुंडाळली. लेखकाने पुस्तक पूर्ण करून दिलेलं नव्हतं, तरी त्याला 50 पौंड मिळाले. पूर्ण करण्याची संधी ज्याने काढून घेतली, त्यानेच पूर्ण का केलं नाही असं विचारायचं नाही.

पानोपानी

आभार. तेव्हापासून ती 140 पानं मी उघडूनही पाहिली नव्हती. पत्र लिहिते त्यांना.

चावडीवरचा

वकील साहेब, मग आबांनी राहिलेल्या कामाचा नफाही मागावा की. बाहेरचा गिलावा आणि वरचा मजला मिळाला असता तर अजून लाखभर सुटले असते.

अॅड. सातारकर

नाही. कलम 70 खाली झालेल्या कामाच्या लाभाचा मोबदला मिळतो, न झालेल्या कामाचा नफा नाही. वरचा मजला आबांनाच देऊ असं पक्कं ठरल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी, पण इथे साधा दरही ठरला नव्हता. हाव दिसली की न्यायाधीश बाकीची मागणीही बारकाईने कापतात.

दूरदेशी

मी ब्रिटनमध्ये बांधकामाच्या हिशोबांचं काम करतो, भारतातला कायदा माझा विषय नाही. पण सगळे एका गोष्टीवरून पटकन पुढे जाताहेत असं वाटतं. मालक म्हणतोय, "तुम्ही काम सोडलं." इकडे 1898 चा सम्प्टर विरुद्ध हेजेस हा खटला आजही काढला जातो. 565 पौंडांचं काम, बांधकाम करणाऱ्याने सुमारे 333 पौंडांचं केलं आणि पैसे संपले म्हणून सोडून दिलं. मालकाने उरलेलं स्वतः पुरं केलं. बांधणाऱ्याला झालेल्या कामाचं काही मिळालं नाही, जागेवर ठेवलेला जो माल मालकाने वापरला त्याचे पैसे तेवढे मिळाले. न्यायालयाचं म्हणणं असं की अर्धवट इमारत स्वतःच्याच जमिनीवर उभी असताना मालकाकडे ती नाकारायचा पर्यायच कुठे होता? म्हणजे कोण थांबलं यावर सगळं अवलंबून राहू शकतं.

अॅड. सातारकर

मुद्दा रास्त आहे. आपल्याकडे तो इंग्रजी निकाल जसाच्या तसा बंधनकारक नाही, आणि कलम 70 ची भाषा लाभ घेतला का एवढंच विचारते. पण समोरचा वकील हा खटला नक्की काढेल. त्याला माझं उत्तर असं असेल की इथे मालक दर रविवारी येऊन सूचना देत होते, म्हणजे त्यांनी काम होत असतानाच स्वीकारलं. मात्र न्यायालय हे मान्य करेलच अशी खात्री मी देणार नाही. कृष्णाकाठ, लग्नाला जाताना आबांनी सांगितलं होतं का?

कृष्णाकाठ

तोंडी सांगितलं होतं, "सोमवारी येतो." तेव्हा शेजारचे एक काका तिथे होते. पण ते मालकांचे भाऊबंद आहेत, साक्ष देतील का माहीत नाही. आबांची अवजारं, दोन थापी, ओळंबा आणि पाट्या तिथेच होत्या. नव्या ठेकेदाराने त्या बाजूला ठेवल्या, आम्ही नंतर आणल्या.

मोजपट्टी

अवजारं! हे आधी सांगायचं होतं. काम सोडून जाणारा गवंडी थापी आणि ओळंबा मागे ठेवून जात नाही. गावातल्या कोणालाही विचारा. अवजारं आणताना फोटो काढला होता का?

कृष्णाकाठ

आईने टेम्पोत भरतानाचा एक काढलाय, कारण एक पाटी फुटली होती. तारीख आहे.

अॅड. सातारकर

तो फोटो आणि तो आवाज, दोन्ही एका ठिकाणी ठेवा.

आता वेळेचं. मुदत कायदा 1963 च्या अनुच्छेद 18 प्रमाणे, सांगण्यावरून केलेल्या कामाची किंमत मागायला काम झाल्यापासून तीन वर्षं असतात. तेवढी वाट पाहू नका, पण त्याहून घाईचं काम दुसरं आहे. नवा ठेकेदार बाहेरचा गिलावा करेल, रंग लावेल, आणि आबांचं वीटकाम कुठपर्यंत होतं हे सांगता येणार नाही. या आठवड्यात वकिलामार्फत नोटीस पाठवा. तिच्यात मागणीची रक्कम, तिच्यावर व्याज मागणार असल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि अमुक तारखेला दोघांसमोर मोजमाप करू असं आमंत्रण. व्याजाचा उल्लेख विसरू नका, नोटिशीपासूनचं व्याज मागायला तोच आधार असतो.

मालक मोजमापाला आले नाहीत तर खाजगी अभियंत्याकडून फोटोसह अहवाल करून घ्या. दावा दाखल झाल्यावर न्यायालयाकडून आयुक्त नेमून जागेची पाहणी मागता येते, पण तोपर्यंत रंग लागलेला असेल.

आणि दाव्याआधी वाईच्या तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करून पाहा. तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं. दोघेही एकाच गावचे आहेत. लाखाच्या रकमेसाठी चार वर्षं तारखा करण्यापेक्षा हा रस्ता आधी.

चावडीवरचा

मी आधी जे लिहिलं ते चुकीचं होतं हे मान्य. चुलत्याला हा धागा दाखवला. तो म्हणतो त्याला चार वर्षं झाली.

अॅड. सातारकर

दावा गेला असं आत्ताच धरू नका. मधल्या काळात समोरच्याने थोडे पैसे दिल्याची किंवा देणं मान्य केल्याची सहीची चिठ्ठी आहे का ते शोधा, आणि कागद घेऊन जवळच्या वकिलाला भेटा. ती चिठ्ठी तीन वर्षांच्या आतली असेल तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. नोटीस पाठवली. मालक मोजमापाला स्वतः आले नाहीत, त्यांचा मुलगा पुण्याहून आला. मोजपट्टी काकांनी सांगितल्याप्रमाणे जोतं, वीटकाम आणि गिलावा वेगवेगळे मोजले. वीटकाम 1,200 ऐवजी 1,160 भरलं, खिडक्यांची जागा आबांनी वजा केली नव्हती. दगडकाम बरोबर निघालं. मुलाने मोजमापाच्या कागदावर सही केली, पण खाली लिहिलं की पूर्वेच्या भिंतीला ओळंब्यात फरक आहे, दुरुस्तीचा खर्च वजा व्हावा.

आबांनी स्वतः ओळंबा लावला. वरच्या टोकाला पाऊण इंच बाहेर आहे. आबा म्हणाले, "आहे तर आहे." त्यांनी तेही कागदावर लिहू दिलं.

मोजपट्टी

40 चौरस फूट म्हणजे 30 घनफूट, एका रोजाचाही फरक नाही. मागणीत दुरुस्त करून घ्या म्हणजे झालं. पाऊण इंच गिलाव्यात झाकला जातो का ते भिंतीच्या उंचीवर आहे. किती फूट उंच आहे?

कृष्णाकाठ

दहा फूट. लोकअदालतीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुलगा 60,000 म्हणतोय, वडिलांना विचारून सांगतो म्हणाला.

दूरदेशी

सही केलेल्या त्या मोजमाप कागदाच्या दोन प्रती करून वेगवेगळ्या घरी ठेवा. आणि मुलाने 60,000 म्हटलं ते तोंडी की मेसेजवर?

कृष्णाकाठ

तोंडी. आज संध्याकाळी आबा त्याला मेसेज करून विचारणार आहेत.